कबुतरजाळीच्या भरवशावर कुत्रा

फ्लॅटची बाल्कनी माणसाच्या मापाने बांधलेली असते. कठडा मोठ्या माणसाच्या कमरेच्या वर येतो, प्लगचे बोर्ड हाताला सोयीचे पडतील तिथे असतात आणि कुंड्या ऊन जिथे येते तिथे. या घरात कुत्रा येतो तेव्हा त्याचे डोळे जमिनीपासून फूट-दीड फुटावर असतात, आणि पिल्लू असेल तर नवी वस्तू ओळखायचे त्याचे पहिले साधन म्हणजे दात. घरात संरक्षणाची साधने आधीपासून असतातच. बाल्कनीला कबुतरजाळी असते, मुख्य बोर्डात वीजगळती पकडणारे उपकरण असते, झाडे नर्सरीतून आणलेली असतात, म्हणजे ती निरुपद्रवी असणार असे घरच्यांनी धरलेले असते. मात्र यातले प्रत्येक साधन दुसऱ्याच कुणासाठी किंवा दुसऱ्याच धोक्यासाठी केलेले असते. कुत्र्याच्या बाबतीत ते नेमके कुठे तोकडे पडते, हे पाहणे म्हणजेच घर कुत्र्यासाठी सुरक्षित करणे.

उदाहरण म्हणून पुण्यातल्या एखाद्या सोसायटीतला चौथ्या मजल्यावरचा टू-बीएचके धरू. हॉलला लागून दहा फूट लांब आणि चार फूट रुंद बाल्कनी. तिची एक बाजू भिंतीची, समोरची आणि उरलेली एक बाजू उघडी. रेलिंग साडेतीन फूट उंच, उभ्या गजांचे, दोन गजांमधली फट चार इंच. रेलिंगपासून वरच्या स्लॅबपर्यंत कबुतरजाळी. घरात नुकतेच आलेले देशी पिल्लू साडेतीन महिन्यांचे, वजन सहा किलो.

पहिला प्रश्न फटीचा. पिल्लू फटीतून जाईल की नाही हे त्याच्या पोटाकडे पाहून ठरत नाही, डोक्याकडे पाहून ठरते. पोट आवळते, छाती दबते. कवटी दबत नाही. माप घ्यायची सोपी रीत आहे. पिल्लू शांत बसलेले असताना त्याच्या दोन्ही गालफडांना हलकेच टेकतील अशी दोन जाड पुस्तके उभी धरायची, पिल्लाला बाजूला करायचे आणि पुस्तकांमधले अंतर पट्टीने मोजायचे. या वयाच्या आणि वजनाच्या देशी पिल्लात ते साधारण आठ-नऊ सेंटिमीटर भरते. चार इंच म्हणजे दहा सेंटिमीटर. डोके आरामात जाते, आणि मागोमाग बाकीचे अंगही जाऊ शकते. छाती भरदार असलेल्या पिल्लाचे डोके बाहेर जाऊन अंग आत अडकते. मग ते घाबरून मागे ओढू लागते आणि कान, जबडा गजांना घासून निघतात. दोन्ही प्रकार टाळायचे तर फट डोक्याच्या मापापेक्षा निदान एक-दोन सेंटिमीटर कमी असायला हवी. नवे रेलिंग बसवणे कुणाला परवडत नाही, म्हणून फटीवर जाळी येते.

इथेच कबुतरजाळीची गल्लत होते. ती नायलॉनच्या किंवा प्लास्टिकच्या धाग्याची असते आणि भिंतीत प्लास्टिकची गिट्टी ठोकून बसवलेल्या हुकांना दोरीने ताणलेली असते. पाव किलोच्या आसपासच्या पक्ष्याने आत येऊ नये एवढेच तिचे काम. बाहेरून कबुतर धडकते ती धडक आणि आतून पंधरा-वीस किलोचे जनावर अंग टाकते तो रेटा यांची तुलनाच होत नाही. शिवाय बऱ्याच घरांत ही जाळी रेलिंगच्या वरच्या पट्टीपासून सुरू होते. पिल्लाच्या उंचीवर ती नसतेच. जिथे ती खालपर्यंत आलेली असते तिथे खालचा कोपरा जवळजवळ नेहमी ढिला सापडतो, कारण बसवणारा माणूस वरून सुरुवात करतो आणि उरलेली जाळी खाली दुमडतो. पिल्लू नेमके त्या कोपऱ्यात नाक घालते.

जुन्या जाळीची परीक्षा पाच मिनिटांत होते. मध्यभागी तळहाताने चांगला रेटा द्यायचा. जाळी वीतभर बाहेर जात असेल तर हुक लांब लांब आहेत किंवा दोरी सैल झाली आहे. मग हुक एकेक करून बोटाने हलवून पाहायचे. गिट्टी नुसत्या गिलाव्यात बसलेली असेल तर हुकाभोवती बारीक पावडर पडते आणि हुक डुलतो. ती गिलाव्यामागच्या काँक्रीटमध्ये किंवा विटेत जायला हवी. शेवटी उन्हाच्या बाजूचा एक धागा चिमटीत धरून चोळायचा. बोटांना पांढरट भुकटी लागली किंवा धागा तुटला, तर ती जाळी उन्हाने खाल्लेली आहे. पुण्या-मुंबईच्या पश्चिमेकडच्या बाल्कनीत तीन-चार उन्हाळ्यांनंतर धाग्याची ही अवस्था होऊ लागते, आणि दिसायला मात्र जाळी तशीच असते.

धाग्याच्या जाळीचा आणखी एक त्रास पडण्याशी संबंधित नाही. पिल्लू ती चावते. सुटलेला लांब धागा गिळला गेला की तो आतड्यात एका टोकाला अडकतो आणि आतडे त्याच्यावर चुण्या पडल्यासारखे गोळा होत जाते. उलट्या, जेवण सोडणे, पोटाला हात लावू न देणे ही त्याची लक्षणे. तोंडातून किंवा शेपटीखालून धागा लोंबताना दिसला तर तो ओढायचा मोह होतो, ओढू नये. आत अडकलेला धागा ओढला की तो आतड्याची भिंत करवतीसारखा कापतो. असा कुत्रा तसाच उचलून पशुवैद्याकडे न्यायचा असतो.

म्हणून खालच्या भागाला धातूची वेल्डेड जाळी लागते. हार्डवेअरच्या दुकानात ती जीआय वेल्डेड जाळी या नावाने रोलमधून मिळते. घर एक इंच बाय एक इंचाचे घ्यावे. दोन इंचांचे घर स्वस्त पडते, पण त्यात पंजा बसतो आणि कुत्र्याला आयती शिडी होते. एक इंचात पंजा शिरत नाही, नख फार तर अडकते. वरच्या बाल्कनीत समोरचे दहा फूट आणि उघड्या बाजूचे चार असे चौदा फूट रेलिंग आहे. कोपऱ्याच्या वळणासाठी फूटभर जास्त धरून रेलिंगची उंची झाकेल एवढ्या रुंदीच्या रोलमधली पंधरा फूट जाळी पुरते. ती रेलिंगच्या आतल्या बाजूने लावायची. आतून लावली की कुत्र्याचा रेटा जाळीमार्फत थेट गजांवर जातो. बाहेरून लावली तर सगळा भार बांधलेल्या टायवर येतो.

बांधायला केबल टाय सर्वांत सोपे. वरच्या आणि खालच्या आडव्या पट्टीवर दर सहा इंचांवर एक, म्हणजे चौदा फुटांना प्रत्येकी अठ्ठावीस, आणि मध्ये एक सोडून एका गजाला एक. सगळे मिळून पाऊणशे होतात, शंभरचे एक पाकीट पुरते. पांढरे टाय उन्हात वर्ष-दोन वर्षांत कडक होऊन तुटतात. काळे जास्त टिकतात. अधिक भरवशाची हवी तर बांधणीची जस्त लावलेली तार, पण तिची पिळलेली टोके बाहेरच्या बाजूला वळवून दाबावी लागतात, नाहीतर ती नेमकी कुत्र्याच्या डोळ्याच्या उंचीवर येतात. जाळीची कापलेली कडही तशीच. ती आत दुमडावी किंवा तिच्यावर चिरलेली रबरी नळी चढवावी. या सगळ्यात भिंतीला एकही भोक पडत नाही, त्यामुळे भाड्याच्या घरातही हे करता येते आणि घर सोडताना सोडवून नेता येते. बाहेरचे रूप बदलणारी ग्रिल बसवायची असेल तर मात्र सोसायटीची परवानगी लागते.

काम झाल्यावर तपासणी गुडघ्यांवर बसून करावी. उभ्याने सगळे ठीकच दिसते. जाळीचा खालचा काठ आणि फरशी यांच्यात बोटभर फट राहिली की पिल्लू तिथे नाक खुपसून उचलायला लागते, आणि पाणी जायच्या भोकाजवळ ही फट हमखास राहते.

साडेतीन महिन्यांच्या पिल्लाचा प्रश्न इथे सुटतो, पण हे उत्तर कायमचे नाही. सहा-सात महिन्यांत देशी कुत्र्याचे डोके गजांच्या फटीपेक्षा मोठे होते आणि फटीतून निसटण्याचा धोका आपोआप संपतो. त्याच सुमारास तो मागच्या पायांवर उभा राहून पुढचे पंजे रेलिंगवर ठेवू लागतो. धोका खालून वर सरकतो. लॅब्राडोरची खांद्यापर्यंतची उंची बावीस-चोवीस इंच असते. तो उभा राहिला की साडेतीन फुटांच्या कठड्याच्या वर त्याची छाती येते. समोर कबूतर फडफडले किंवा खाली ओळखीचा आवाज आला की पुढची उडी अर्धी मारलेलीच असते. देशी कुत्रा अंगाने हलका आणि चपळ. त्याला तर आधाराला एखादी कुंडी पुरते. म्हणून रेलिंगपासून तीन फुटांच्या आत पाय देता येईल असे काही ठेवायचे नाही. कुंड्यांचा स्टँड, खुर्ची, वॉशिंग मशीन, कूलर, रद्दीचा गठ्ठा आणि खुद्द कुत्र्याची गादी, सगळे भिंतीकडे. चार फुटांच्या बाल्कनीत याचा अर्थ जवळजवळ काहीच ठेवायचे नाही असा होतो, आणि बागेची हौस असणाऱ्यांना तो आवडत नाही. टांगत्या कुंड्या हा मधला मार्ग.

रेलिंगच्या वरच्या भागाला मोठ्या कुत्र्यासाठी लोखंडी ग्रिल किंवा हल्ली इनव्हिजिबल ग्रिल म्हणून मिळणाऱ्या स्टीलच्या ताणलेल्या तारा लावतात. या तारांचे दुकानदार सांगतो ते वजन एका तारेच्या तुटण्याचे असते. कुत्र्याच्या दृष्टीने तार तुटते की नाही हा प्रश्न नसून दोन तारा फाकतात की नाही हा आहे. मधोमध दोन तारा दोन्ही हातांनी फाकवून पाहाव्यात. कुत्र्याचे डोके जाईल एवढ्या त्या फाकल्या तर तारांमधले अंतर दोन इंचांवर आणावे लागते. लोखंडी ग्रिल मजबूत असते, पण तिला आतून उघडणारी खिडकी हवी. आग लागली तर बाल्कनी हीच सुटकेची जागा असते.

गच्चीची गोष्ट वेगळी आहे. तिथे गज नसतात, भरीव कठडा असतो, म्हणून ती बाल्कनीपेक्षा सुरक्षित वाटते. एका अर्थाने ती जास्त फसवी आहे. गजांमधून कुत्र्याला खालचे दिसते, खोली कळते. भरीव कठड्यापलीकडे काय आहे हे त्याला दिसतच नाही. त्याच्या लेखी ती अंगणाची भिंत असते आणि भिंतीवरून पलीकडे उडी मारायची असते. नाशिक-कोल्हापूरकडच्या बंगल्यांच्या गच्चीवर कठडा कित्येकदा अडीच-तीन फुटांचाच असतो. त्यावर धातूच्या जाळीची चौकट उभी करून एकूण उंची पाच फुटांवर न्यावी, आणि चौकटीचा वरचा फूटभर भाग आतल्या बाजूला झुकवावा. वर चढलेल्या कुत्र्याला तिथून पुढे जाता येत नाही. टाकीची लोखंडी शिडी आणि कठड्याला लागून गेलेले पाण्याचे पाइप हे चढायचे रस्ते आहेत. डक्टवर टाकलेले प्लास्टिकचे पत्रे हा त्याहून मोठा सापळा. ते जमिनीसारखे दिसतात आणि कुत्र्याचे वजन पेलत नाहीत. त्यांच्याभोवती स्वतंत्र जाळी लागतेच.

कठडा वाढवणे शक्य नसेल तर लोक कुत्र्याला गच्चीवर बांधतात. बांधायचेच तर दोरीची लांबी मोजून. खुंटीपासून कठड्यापर्यंत दहा फूट असतील तर दोरी आणि कुत्र्याचे अंग मिळून सात फुटांच्या पुढे जाता कामा नये. दोरी लांब असेल तर कठड्यावरून उडी मारलेला कुत्रा जमिनीवर न पोहोचता गळ्याने लोंबकळतो. याच कारणाने दोरी गळपट्ट्याला न बांधता छातीच्या पट्ट्याला, म्हणजे हार्नेसला, बांधतात. आणि दिवाळीच्या रात्री गच्चीवर कुत्रा नको, बांधलेला असो वा मोकळा. फटाक्याला बिथरलेले जनावर उंचीचा विचार करत नाही.

आता तारा. कुत्र्याचे दुधाचे दात साधारण साडेतीन महिन्यांपासून पडू लागतात आणि सहा-सात महिन्यांपर्यंत पक्के दात येतात. या काळात हिरड्या शिवशिवतात आणि मऊ, लवचिक, थोडी दाबली जाणारी वस्तू चावायला बरी वाटते. इस्त्रीची, मिक्सरची, टेबलफॅनची वायर नेमकी तशीच असते. मोबाइलच्या चार्जरची बारीक वायर त्या मानाने सौम्य. अडॉप्टरच्या पुढे तिच्यात थोडेच व्होल्ट असतात, तिथे भीती विजेपेक्षा तुकडा गिळण्याची. अडॉप्टरच्या अलीकडे मात्र भिंतीतले 230 व्होल्ट असतात.

घरात आरसीसीबी आहे, जुन्या घरांत ज्याला ईएलसीबी म्हणतात, तेव्हा काळजी नाही, असे बहुतेकांना वाटते. हे उपकरण काय मोजते ते पाहिले की त्याची मर्यादा कळते. फेजमधून जितका प्रवाह गेला तितकाच न्यूट्रलमधून परत आला की नाही, एवढेच ते पाहते. माणूस वायरला हात लावतो तेव्हा प्रवाह त्याच्या पायांतून जमिनीत जातो, परत येणारा हिशेब कमी भरतो आणि घरगुती आरसीसीबी 30 मिलिअँपिअरच्या फरकाला वीज तोडतो. पिल्लू वायर चावते तेव्हा त्याचे दात फेज आणि न्यूट्रल या दोन्ही तारांत एकाच वेळी रुततात. प्रवाह एका तारेतून जिभेत शिरतो आणि दुसरीतून परत जातो. जमिनीत थोडाच जातो किंवा जातच नाही. हिशेब जुळतो, आरसीसीबी गप्प बसतो. शेजारचा एमसीबी जास्त भार किंवा शॉर्टसर्किट पकडण्यासाठी असतो; तोंडातून जाणारा प्रवाह त्याच्या दृष्टीने एखाद्या छोट्या दिव्याएवढा. तोही पडत नाही. दोन्ही उपकरणे आपापल्या जागी बरोबर असतात आणि जबडा मात्र आकसून वायरीवर घट्ट मिटलेला असतो.

म्हणून विजेचा धोका बोर्डात अडवता येत नाही, वायरीपाशीच अडवावा लागतो. भिंतीलगतच्या वायरींना पीव्हीसी पट्टी, म्हणजे केसिंग-कॅपिंग, मारतात. जी वायर हलती ठेवायची आहे तिच्यावर वळ्या-वळ्यांची लवचिक नळी चढवतात. उभी चीर असलेली नळी मिळते, तिच्यात प्लग न काढता वायर घालता येते. पण चिरेची बाजू भिंतीकडे ठेवावी, कारण पिल्लू तिथेच दात घालते. एक्स्टेन्शन बोर्ड जमिनीवर न ठेवता टेबलाच्या खालच्या बाजूला उलटा स्क्रूने बसवावा. वायरींवर मारायचा कडू फवारा मिळतो. तो काही कुत्र्यांना आवडत नाही, काहींना काहीच वाटत नाही, आणि काही दिवसांत उडून जातो. त्याला मदतनीस समजावे, पहारेकरी नव्हे. आपल्याकडे प्रत्येक सॉकेटला बटण असते ही मोठी सोय. बटण बंद म्हणजे वायर मेलेली, मात्र बटण फेजवर असेल तरच. जुन्या घरांत कधीकधी ते न्यूट्रलवर जोडलेले सापडते. बटण बंद ठेवून सॉकेटच्या उजव्या भोकात टेस्टर घातला आणि दिवा लागला, तर वायरमनला बोलवायचे.

बाल्कनीत जाळी आणि वीज यांची गाठ पडते. गणपतीत आणि दिवाळीत रेलिंगवर दिव्यांच्या माळा सोडतात, आणि आता त्या रेलिंगला आतून धातूची जाळी आहे. माळेची वायर बारीक असते; जाळीच्या कापलेल्या कडेवर ती घासली की तिचे आवरण चिरते. तेवढ्याने सगळी जाळी विजेची होऊ शकते. पावसाने ओली फरशी, ओले पंजे आणि पिल्लू जाळीला नाक लावून उभे, असा तो योग. इथे प्रवाह जमिनीत जातो, त्यामुळे आरसीसीबी कामाला येतो, पण असलाच तर. माळ रेलिंगऐवजी वर छताला सोडली की हा प्रश्नच उद्भवत नाही. त्याच्या टेस्ट बटणावर तीन-चार महिन्यांनी बोट ठेवून तो पडतो का हे पाहायचे असते. बहुतेक घरांत ते बटण बसवल्या दिवसापासून कुणी दाबलेले नसते.

कुत्रा वायरीला चिकटलेला दिसला तर आधी मेन स्विच बंद करायचा आणि मग त्याला हात लावायचा. स्विच लांब असेल तर कोरड्या लाकडी दांड्याने किंवा प्लास्टिकच्या खुर्चीच्या पायाने वायर बाजूला सारायची. नंतर पिल्लू उठून शेपटी हलवू लागले तरी गोष्ट संपत नाही. विजेच्या धक्क्यानंतर काही तासांत, कधी दीड दिवसापर्यंत, फुफ्फुसात पाणी साचू शकते. श्वास जलद होणे, खोकला, मान पुढे ताणून श्वास घेणे, हिरड्या गुलाबीच्या फिक्या किंवा निळसर होणे ही त्याची चिन्हे आहेत. विश्रांती घेत असलेल्या निरोगी कुत्र्याचे श्वास मिनिटाला तिसाच्या आत असतात. तेवढा आकडा माहीत असला की झोपलेल्या पिल्लाची छाती मोजता येते. तोंडातल्या भाजल्याच्या खुणाही पहिल्या दिवशी नुसत्या फिकट पट्ट्यासारख्या दिसतात आणि नंतर सुजतात. म्हणून त्याच दिवशी पशुवैद्याला दाखवावे.

राहिली झाडे. यात सर्वांत मोठा घोटाळा नावाचा आहे. नर्सरीत दोन झाडे पाम म्हणून शेजारी शेजारी ठेवलेली असतात. एक अरेका पाम: मातीतून अनेक पिवळसर दांडे येतात, पाने मऊ आणि झुकलेली. हे कुत्र्याला निर्धोक. दुसरे सायकस, ज्याला सागो पामही म्हणतात: अननसासारखे एकच जाड, खरखरीत खोड, त्यातून चहूबाजूंना ताठ पाने, आणि पानांची टोके बोटाला टोचणारी. हे पाम नाहीच, आणि बाल्कनीत ठेवल्या जाणाऱ्या झाडांत कुत्र्यासाठी सर्वांत घातक झाडांपैकी एक आहे. नावात साबुदाणा असला तरी उपवासाचा साबुदाणा याचा नसतो. आपल्याकडचा टॅपिओकाच्या कंदापासून बनतो. सायकसचा प्रत्येक भाग विषारी, बी सर्वांत जास्त. एक-दोन बियाही कुत्र्याच्या जिवावर बेतू शकतात. कुंडीतल्या झाडाला सहसा बी धरत नाही, पण पिल्लू खोडाच्या तळाशी फुटलेले कोंब कुरतडते. काही तासांत उलट्या होतात, मग मधे कुत्रा जरा बरा वाटतो, आणि दोन-तीन दिवसांनी यकृत निकामी होऊ लागल्याची लक्षणे दिसतात: डोळ्यांच्या पांढऱ्या भागावर आणि हिरड्यांवर पिवळी झाक, लघवी गडद, अंगावर रक्ताचे ठिपके. मधला तो बरा वाटण्याचा काळच बऱ्याच कुत्र्यांना महाग पडतो, कारण घरचे थांबून पाहतात.

दुसरा गट कण्हेरीचा. तांबडी-पांढरी कण्हेर, पिवळी बिट्टी आणि हल्ली गच्चीवर हौसेने वाढवतात ते अडेनियम ही एकाच कुळातली मंडळी. मारुतीला वाहतात ती रुईही यांचीच नातेवाईक. या सगळ्यांत हृदयाचे ठोके बिघडवणारी द्रव्ये असतात. पानफुटी कुळाने वेगळी, पण तिच्यातले विषही हृदयावरच जाते. कुंडीत रंगीत फुलांसाठी लावतात ते कलांचो तिच्याच जातीतले. कण्हेरीची पाने वाळली तरी विष जात नाही, म्हणून छाटलेल्या फांद्या गच्चीच्या कोपऱ्यात वाळत टाकणे वाईट. कुत्रा काठी म्हणून तीच उचलतो.

त्यामानाने मनी प्लांट आणि डिफेनबाखिया यांची दहशत जरा जास्तच आहे. त्यांचा त्रास मराठी घराला ओळखीचा आहे: अळू नीट शिजला नाही की घशाला खाज सुटते ती ज्या सुईसारख्या बारीक स्फटिकांनी, तेच यांच्या पानांत असतात. कुत्रा एक घास घेतो, लाळ गाळतो, पंजाने तोंड घासतो, कधी उलटी करतो, आणि तोंड आंबल्याने पुढे खातच नाही. तोंड पाण्याने धुवून थोडे थंड दही दिले की बहुधा भागते. ओठ-जीभ सुजून श्वास घेणे अवघड झाले तर मात्र दवाखाना. कोरफडीने जुलाब होतात. लिलीबद्दल जे भयंकर ऐकू येते ते मांजरांबाबत खरे आहे; कुत्र्यांची मूत्रपिंडे तिने निकामी होत नाहीत. तुळस, मोगरा, गुलाब, जास्वंद, स्पायडर प्लांट ही कुत्र्याच्या घरात चालतात.

झाडांइतकेच लक्ष मातीकडे हवे, आणि तिकडे सहसा कुणी पाहत नाही. सेंद्रिय खत म्हणून कुंडीत एरंडीची पेंड घालतात. एरंडाच्या बीत रायसिन हे अतिशय तीव्र विष असते, आणि तेल काढल्यावर ते पेंडीत उरते. उष्णतेची प्रक्रिया नीट झालेली नसेल तर पेंड विषारीच राहते. त्यात हाडांचा चुरा मिसळला की कुत्र्याच्या नाकाला तो जेवणाचा वास येतो. कुंडी उकरून माती खाणारे पिल्लू बहुतेकदा मातीसाठी नव्हे, या मिश्रणासाठी उकरत असते. कुत्रा असलेल्या घरात एरंडीची पेंड आणि बोनमील दोन्ही बंद करून गांडूळखतावर भागवावे. पावसाळ्यात गोगलगायींसाठी टाकतात त्या गोळ्याही तशाच. त्यांत मेटाल्डिहाइड असेल तर थोड्या गोळ्यांनीही कुत्र्याला झटके येतात. गोगलगायी संध्याकाळी हाताने वेचून मिठाच्या पाण्यात टाकणे किळसवाणे खरे, पण बिनधोक.

वरच्या फ्लॅटमध्ये बारा कुंड्या आहेत असे धरले, तर काम असे होते. सायकस आणि अडेनियम घरातून जातात; उंचावर ठेवून त्यांचे भागत नाही, कारण सायकसचे पान आणि अडेनियमची फुले खाली गळतात. मनी प्लांट छताला टांगला जातो आणि त्याच्या लोंबत्या फांद्या दर महिन्याला कापल्या जातात. उरलेल्या कुंड्यांच्या मातीवर मुठीएवढे गोटे पसरले की उकरणे थांबते. लहान खडे नकोत, ते गिळले जातात.

काही खाल्लेच तर मिठाचे पाणी पाजून उलटी करवण्याचा घरगुती उपाय अजून सर्रास केला जातो. त्याने रक्तातले मीठ वाढून कुत्र्याला झटके येऊ शकतात आणि मूळ विष राहते बाजूला. दूध हा उतारा नाही. उलटी करवायची की नाही हे पशुवैद्य ठरवतो, आणि पहिल्या दोन तासांत पोहोचले तर त्याच्या हातात बरेच काही असते. त्याला तीन गोष्टी कळाव्या लागतात: काय खाल्ले, किती खाल्ले, केव्हा खाल्ले. कुरतडलेली फांदी पिशवीत घालून बरोबर न्यावी, आणि खताचे पाकीट असेल तर तेही. नाव माहीत नसलेल्या प्रत्येक झाडाचा पान, खोड आणि कुंडी दिसेल असा फोटो मोबाइलमध्ये आधीच काढून ठेवलेला असला, तर पिल्लाने झाड मुळासकट उपटले असले तरी ते ओळखता येते.